इन्व्हर्टरची बॅटरी महिन्याला तीन-तीन लिटर पाणी पिते, मग कुठून बघायला सुरुवात करायची

उन्हाळा लागला की मला रोज एक तरी फोन असतोच, "दादा परवाच पाणी टाकलं होतं बॅटरीत, परत लाल दांडी दिसायला लागली." इन्व्हर्टर-बॅटरीच्या सर्व्हिसचं काम मी मराठवाड्यात बरीच वर्षं करतोय आणि हाच एक फॉल्ट मी इतक्या घरांत बघितलाय की आता एकदाच सगळं नीट लिहून ठेवतो. हे सगळं पाणी टाकायच्या बॅटरीबद्दल आहे, म्हणजे घरात असते ती १२ व्होल्टची ट्यूब्युलर, वर सहा बुचं असलेली. सीलबंद बॅटरीला यातलं काही लागू करू नका, तिचं झाकण उचकटायला जाऊ नका.

आधी लक्षणं बघा, तुमची कुठली आहेत

- टॉप-अप करून महिना व्हायच्या आत फ्लोट परत लालवर येतोय, सहाही सेलमध्ये जवळपास सारखाच
- एकाच सेलचं पाणी बाकीच्या पाचांपेक्षा वेगळं वागतंय, फार लवकर कमी होतंय किंवा अजिबात होत नाहीये
- शेवटची लाईट जाऊन आली त्याला दोन दिवस झाले, बॅटरी फुल आहे, तरी कान लावला की आतून बारीक खदखद ऐकू येते
- बॅटरीचा डबा हाताला गरम लागतो, खोलीत घशाला खवखवतं
- टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी परत परत येते, बॅटरीचं वरचं झाकण कायम ओलसर
- बॅकअप चार तासांवरून दीड तासावर आलाय
- सडक्या अंड्यासारखा वास येतोय (हे असेल तर पुढचं काही करू नका, थेट शेवटचा भाग वाचा)

आता हे पाणी जातं कुठं ते दोन मिनिटांत सांगतो, कारण हे कळलं की पुढचे सगळे चेक का करायचे ते आपोआप कळतं. बॅटरी चार्ज होताना प्लेटांवरचं सल्फेट परत ॲसिडमध्ये जातं. ते काम संपत आलं आणि चार्जर तरी करंट ढकलतच राहिला तर त्या करंटला करायला दुसरं काही उरत नाही, मग तो पाणीच फोडतो, एका प्लेटवर हायड्रोजन आणि दुसरीवर ऑक्सिजन. तीच खदखद. पाणी गॅस होऊन बुचातून निघून जातं आणि ॲसिड मात्र आतच राहतं. थोडं पाणी नुसतं उन्हाळ्याच्या वाफेनं पण जातं पण ते किरकोळ.

हिशोब लक्षात ठेवायला सोपा आहे. फुल झालेल्या बॅटरीत जास्तीचे तीन अँपिअर-तास गेले की प्रत्येक सेलमधलं साधारण एक मिली पाणी जातं. सेल सहा, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीला एका अँपिअर-तासाला दोन मिली. हा आकडा पुढे लागणार आहे.

पहिला चेक, फुकटचा: टॉर्च आणि वही

सहाही सेलची लेव्हल बघा. बुच काढून टॉर्चनं बघायचं, माचिस किंवा लायटर धरून बघणारी माणसं मी प्रत्यक्ष बघितली आहेत, कृपा करून ते करू नका, बुचाखाली हायड्रोजनच असतो. इन्व्हर्टर आणि मेनचा स्विच बंद करा, खिडकी उघडा, अर्धा तास थांबा आणि मग बुच काढा. हातातली अंगठी-घड्याळ काढून ठेवा, डोळ्यावर चष्मा किंवा गॉगल असू द्या.

नुसत्या फ्लोटवर विश्वास ठेवू नका. फ्लोटची दांडी जुनी झाली की घाणीनं अडकते, आत प्लेटा उघड्या पडल्या तरी वर हिरवंच दिसत राहतं. बोटानं हलकं दाबून सोडा, वर आली तर चालू आहे.

आणि वहीत लिहा: तारीख, कुठल्या सेलला किती मिली टाकलं. हे कुणीच करत नाही आणि मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. सहाही सेल सारखे पीत असतील तर दोष बहुतेक वेळा बॅटरीच्या बाहेर आहे, म्हणजे चार्जर, सेटिंग नाहीतर खोलीची गरमी. एखादाच सेल वेगळा वागत असेल तर दोष बॅटरीच्या आत आहे. एवढ्या एका गोष्टीवरून अर्धा तपास होतो.

दुसरा चेक: पाणी कुठलं टाकताय

इथं मी जरा जास्त बोलणार आहे कारण बहुतेक बॅटऱ्या इथंच मरतात.

नळाचं नाही, बोअरचं तर अजिबात नाही, आणि आरओचं पण नाही. आरओवर लोक अडून बसतात, "दादा फिल्टरचं आहे, आम्ही पितो." पिण्याच्या पाण्यात क्षार असलेलेच बरे, म्हणून आरओ मशीन थोडे क्षार ठेवतं, काही मशीन तर मुद्दाम परत घालतात. टीडीएस मीटर लावला तर तीस, पन्नास, ऐंशी असं काहीही येतं. चांगलं डिस्टिल वॉटर त्याच मीटरवर शून्याच्या आसपास दाखवतं. आता पन्नास टीडीएस ऐकायला कमी वाटतं, पण बॅटरीतून बाहेर जातं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. महिन्याला दोन लिटर टाकलं तर वर्षात चोवीस लिटर पाण्यातले सगळे क्षार त्या सहा सेलमध्ये जमा झाले. चहाच्या पातेल्यात पाणी आटवत राहिलं की तळाला पांढरं बसतं, तसंच.

ते क्षार नुसते बसून राहत नाहीत. लोह असेल तर ते दोन्ही प्लेटांमध्ये येजा करत राहतं आणि बॅटरी बसल्या जागी उतरते. क्लोराईड प्लसच्या प्लेटेची जाळी खातं. आणि काही धातूंमुळे मायनसच्या प्लेटेवर हायड्रोजन सुटायला कमी व्होल्टेज पुरतं, म्हणजे खराब पाणी टाकल्यामुळे बॅटरी अजून जास्त पाणी पिते, मग माणूस अजून जास्त खराब पाणी टाकतो. हे चक्र एकदा सुरू झालं की बाहेरून तोडता येत नाही, टाकलेले क्षार परत काढता येत नाहीत.

एसीच्या नळीतलं पाणी, पावसाचं पाणी, हे पण विचारतात. एसीचं पाणी कॉइलवरची धूळ आणि धातू घेऊन येतं, पावसाचं पत्र्यावरून किंवा गच्चीवरून. नको. डिमिनरलाइज्ड असं लिहिलेलं पाणी मात्र चालतं, बॅटरीसाठीच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०६९ आहे, कॅनवर ते लिहिलेलं असलं तर बरं. पाच लिटरचा कॅन आणा, झाकण घट्ट लावून ठेवा, आणि ओतायला प्लास्टिकचंच नरसाळं वापरा, स्टीलचं नको.

ॲसिड टाकायचं का? नाही. गेलंय ते पाणी, ॲसिड आतच आहे. काही जण "बॅटरी ताजी करून देतो" म्हणून ॲसिड ओततात, चार दिवस व्होल्टेज जरा चढलेलं दिसतं आणि गिऱ्हाईक खूष होतं, पण प्लेटा त्या कडक ॲसिडनं लवकर गळतात. ॲसिड फक्त सांडलं असेल तर भरायचं, आणि ते सुद्धा मोजून, माहितगार माणसानं.

आणि कधी टाकायचं? फुल चार्ज झाल्यावर. उतरलेल्या बॅटरीत वरच्या खुणेपर्यंत भरलं तर चार्ज होताना लेव्हल चढते, बुडबुड्यांनी अजून चढते आणि ॲसिड बुचातून बाहेर येतं. ते ॲसिड गेलं ते गेलं, पुढच्या वेळी तुम्ही त्याच्या जागी नुसतं पाणी घालणार आणि ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडचा कडकपणा, कायमची उतरणार. टर्मिनलवरची ती भुकटी पण बऱ्याचदा यातूनच येते. एकच अपवाद, प्लेटा उघड्या दिसत असतील तर आधी फक्त प्लेटा बुडतील एवढंच पाणी घाला, मग चार्ज करा, मग बाकीचं. उघड्या प्लेटा तशाच ठेवून चार्ज केलं तर मायनसच्या प्लेटेला हवा लागून ती खराब होते, उघडा भाग वाळून कडक पडतो, आणि तेवढा भाग नंतर पाणी टाकलं तरी पूर्ण कामाला येत नाही. लेव्हल उतरली की उरलेलं ॲसिड कडक होतं आणि बुडालेल्या प्लेटांनाही त्रास देतं ते वेगळंच.

तिसरा चेक: इन्व्हर्टरच्या मागचं बटन

बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरना मागे बॅटरीचा प्रकार निवडायचा छोटा स्विच असतो, ट्यूब्युलर, फ्लॅट, सीलबंद असं काहीतरी, काहींना साधं चार्जिंग आणि फास्ट चार्जिंग असा वेगळा. साफसफाई करताना हा सरकतो, नाहीतर लोडशेडिंगच्या दिवसांत कुणीतरी फास्टवर टाकतो आणि तो वर्षभर तिथंच राहतो. बॅटरीवर काय छापलंय ते आणि स्विच कुठं आहे ते जुळवून बघा. पैसे लागत नाहीत, मिनिटाचं काम आहे.

उलटी चूक पण करू नका. पाणी कमी लागावं म्हणून काही जण ट्यूब्युलर बॅटरी कमी व्होल्टेजच्या सेटिंगवर ठेवतात. पाणी लागत नाही हे खरं, पण बॅटरी पूर्ण भरतच नाही, सल्फेट घट्ट बसतं, आणि कडक ॲसिड तळाला आणि पातळ वर असे थर पडतात. चार्जिंगच्या शेवटी थोडी खदखद व्हायलाच पाहिजे, तिनेच ॲसिड ढवळलं जातं. रोज वापर असून सहा-सात महिने थेंबभर पाणी लागलं नाही आणि बॅकअप कमी झाला, तर ती पण तक्रारच समजा.

चौथा चेक: बॅटरी ठेवलीय कुठं

जिन्याखाली बंद कप्प्यात, किचनच्या भिंतीला, नाहीतर पश्चिमेच्या उन्हात गॅलरीत. बॅटरी गरम झाली की पाणी फुटायला कमी व्होल्टेज पुरतं. २५-२७ अंशाला जी खदखद १४.१ ते १४.४ व्होल्टच्या आसपास सुरू होते ती ४०-४२ अंशाला साधारण ०.३ व्होल्ट आधीच सुरू होते. साध्या इन्व्हर्टरला बॅटरीचं तापमान कळत नाही, तो जानेवारीत देतो तेच व्होल्टेज मे महिन्यात देतो, म्हणून हे फोन मे महिन्यातच येतात. जागा बदलणं शक्य असेल तर बदला, नसेल तर कप्प्याला खाली आणि वर दोन्हीकडे जाळी करा. हायड्रोजन हवेपेक्षा हलका, वरच साठतो, म्हणून वरची जाळी महत्त्वाची. हवेत चार टक्के झाला की ठिणगीनं पेट घेऊ शकतो.

पाचवा चेक: मल्टिमीटर

इथून पुढे थोडा खर्च आहे, साधा मल्टिमीटर पुरतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल प्लसला, काळी मायनसला. मेन लाईट चालू पाहिजे आणि आदल्या दिवसापासून लाईट गेलेली नको, म्हणजे बॅटरी फुल असून चार्जर शांत बसलाय अशी वेळ. सकाळी उठल्या उठल्या बघणं सगळ्यात चांगलं.

१३.५ ते १३.८ आलं तर चार्जर ठीक. १४.२-१४.४ किंवा वर दिसत असेल आणि दोन-तीन तासांनी परत बघितलं तरी तेवढंच असेल तर चार्जर खाली यायचं विसरलाय. चार्जिंग चालू असताना काही तास १४.४ किंवा थोडं वर जाणं चुकीचं नाही, तिथंच अडकून राहणं चुकीचं.

एक घर सांगतो, म्हणजे आकडे कसे बोलतात ते कळेल. १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर, तीन वर्षं जुनी, जिन्याखाली बंद लाकडी कप्प्यात. काकू म्हणाल्या, "अहो महिन्याला तीन लिटर टाकते मी, बॅटरी फुटलीय का कुठं?" खाली ओल नव्हती म्हणजे गळती नाही. वही नव्हती पण पाणी त्या स्वतः टाकायच्या, सगळ्या सेलला सारखंच लागतं म्हणाल्या, म्हणजे दोष बाहेर. मग हिशोब केला: तीन लिटर म्हणजे ३००० मिली, अँपिअर-तासाला दोन मिली, म्हणजे महिन्यात १५०० अँपिअर-तास फुकट गेले. महिन्याचे ७२० तास. म्हणजे चार्जर रात्रंदिवस जवळपास दोन अँपिअर ढकलतोय, लाईट जात नसताना सुद्धा. मग मीटर लावला तर १४.४ व्होल्ट, दोन दिवस लाईट गेलेली नव्हती. डीसी क्लॅम्प लावला तर करंट २.१ अँपिअर. कागदावर आलं तेच तारेवर दिसलं. (क्लॅम्प डीसीचा लागतो, स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात, त्यावर शून्य दिसेल आणि तुम्ही फसाल.)

मागचा स्विच बरोबर होता, म्हणजे दोष इन्व्हर्टरच्या आतल्या सर्किट कार्डात. इन्व्हर्टर उघडून चार्जिंगचं सेटिंग १३.७ ला आणलं, कप्प्याच्या वर-खाली जाळी केली. दोन अँपिअरवर सहा सेलमधून तासाला पाच लिटर हायड्रोजन निघतो, तो कप्पा जेमतेम पाचशे लिटरचा होता, दार गच्च बसलं असतं तर चार तासांत चार टक्के भरला असता. मला त्या दिवशी पाण्यापेक्षा त्याच गोष्टीची जास्त धास्ती वाटली, कारण कप्प्याच्या आतच होल्डर आणि बल्ब होता. तो पण बाहेर काढायला लावला. नंतर करंट ०.४ वर आला आणि पाणी महिन्याला अर्धा-पाऊण लिटरवर, हिशोबानं ५७६ मिली यायला पाहिजे होतं.

तीन वर्षांच्या बॅटरीला नव्यापेक्षा थोडं जास्त लागणारच हे पण सांगून ठेवतो. प्लसच्या प्लेटेच्या जाळीतला अँटिमनी धातू हळूहळू सुटून मायनसच्या प्लेटेवर बसतो आणि हायड्रोजन लवकर सुटायला लागतो. ते कुणाच्या हातात नाही.

सहावा चेक: हायड्रोमीटर

सेलवार ग्रॅव्हिटी बघायची, पण पाणी टाकल्या टाकल्या नाही. नवीन पाणी हलकं, ते वरच तरंगतं आणि रीडिंग खोटं येतं. टॉप-अप करा, पुन्हा चांगलं चार्ज होऊ द्या, मग बघा. घरगुती ट्यूब्युलरला फुल असताना १.२४० च्या आसपास येतं, नक्की आकडा बॅटरीवर नाहीतर वॉरंटी कार्डावर असतो. बॅटरी फार तापलेली असेल तर रीडिंग थोडं कमी दिसतं, ४२ अंशाला दहा पॉइंट म्हणजे ०.०१० मिळवा.

सहाही सेल सारखेच थोडे खाली असतील तर बॅटरी पूर्ण भरत नाहीये किंवा कधीतरी ॲसिड ओतू गेलंय. पाच सेल १.२४० आणि एकच १.१५० असेल तर तो सेल गेला, बहुतेक आत शॉर्ट. इथं एक गोष्ट माणसाला चकवते. शॉर्ट झालेला सेल स्वतः फारसं पाणी पीत नाही, त्याच्यात गॅस फार होतच नाही. चार्जर १३.७ देतो ते आता सहाऐवजी पाच सेलमध्ये वाटलं जातं, म्हणजे प्रत्येकी २.२८ ऐवजी २.७४ व्होल्ट, आणि चांगले पाचही सेल खदखदून पाणी संपवतात. लोक जास्त पाणी पिणाऱ्या सेलला दोष देतात आणि आजारी असतो तो शांत बसलेला सहावा. चार्जिंग तोडून दोन-तीन तासांनी बॅटरीचं व्होल्टेज साडेबाराऐवजी साडेदहाच्या आसपास आलं तर हेच झालंय. यावर पाणी, ॲसिड, पावडर, काहीही उपाय नाही, ती बॅटरी बदलावीच लागते.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

सडक्या अंड्याचा वास, डबा फुगलेला, हात ठेववत नाही इतकी गरम, किंवा खाली ॲसिडची ओल: मेनमधून इन्व्हर्टरचं चार्जिंग बंद करा, दारं-खिडक्या उघडा, खोलीतली माणसं बाहेर काढा. बुच उघडू नका आणि टर्मिनल पण लगेच काढू नका, काढताना उडालेली ठिणगीच पुरते.

चार्जरचं व्होल्टेज चुकीचं आलं आणि मागचा स्विच बरोबर असेल तर इन्व्हर्टर स्वतः उघडू नका. बंद केला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, आणि सेटिंगचा स्क्रू अर्धा फेरा जास्त फिरला तर बॅटरी महिन्यात संपते. दोन किंवा चार बॅटऱ्या एका ओळीत जोडलेल्या असतील तर व्होल्टेज प्रत्येक बॅटरीचं वेगळं घ्या, पण जोडण्या सोडवायचं काम तुमचं नाही.

ॲसिड कातडीवर पडलं तर भरपूर पाण्यानं धुवा, डोळ्यात गेलं तर निदान पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरा आणि तसेच दवाखान्यात जा. फरशीवर सांडलं तर खाण्याचा सोडा टाका, फेस यायचा थांबेपर्यंत.

माणूस आला की त्याला चार गोष्टी सांगा: वहीतले सेलवार मिली, सकाळचं व्होल्टेज, सहा सेलची ग्रॅव्हिटी, आणि आजवर कुठलं पाणी टाकलं ते खरं खरं. आरओचं टाकलं असेल तर लपवू नका, नाहीतर तो चार्जर शोधत बसेल आणि दोष पाण्यात असेल.